दरपत्रकातून आपोआप दर : अंदाजपत्रक व बिलासाठी शोधसूत्रांचा उपयोग

आयुर्वेद चिकित्सालयाचे बिल वरवर पाहता साधे दिसते, परंतु त्याची घडण औषधविक्रेत्याच्या बिलाहून निराळी असते. एकाच कागदावर तपासणी शुल्क, पंचकर्मातील उपक्रम, कंपनीची बाटलीबंद औषधे आणि चिकित्सालयात पुड्या बांधून दिलेली चूर्णे असे सर्व एकत्र येते. कशाचा दर प्रतिदिन, कशाचा प्रतिबस्ति, तर कशाचा प्रति १०० ग्रॅम. औषधविक्रेत्यांसाठी तयार मिळणारी संगणक-प्रणाली या मिश्र बिलाला सहसा पुरी पडत नाही. म्हणून आपल्यापैकी अनेक वैद्य एक्सेलमध्येच बिल करतात, आणि दर मात्र भिंतीवरील तक्ता पाहून किंवा स्मरणाने हातानेच भरतात. प्रस्तुत लेखात आम्ही एवढाच विषय घेतला आहे : दर एकाच ठिकाणी लिहून ठेवावा आणि अंदाजपत्रकात वा बिलात तो संगणकाने स्वतः आणावा, हे कसे साधावे, आणि हे साधताना चुकीचा दर बरोबर दराचे सोंग घेऊन केव्हा येतो, हे कसे ओळखावे.

प्रथम दरपत्रक तयार करावे. एक्सेलच्या एका फाइलमध्ये एक शीट केवळ दरांसाठी राखून तिला Rates असे नाव द्यावे. पहिल्या म्हणजे A रकान्यात संकेतांक, B मध्ये नाव, C मध्ये परिमाण आणि D मध्ये दर लिहावा. एका ओळीत एकच बाब असावी. उपक्रमांचे गट पाडण्यासाठी मध्ये रिकाम्या ओळी किंवा जोडलेले सेल ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ही यादी संगणकाने वाचावयाची आहे. रुग्णास दाखवावयाचा सुबक तक्ता वेगळा करता येतो.

संकेतांकाची कटकट कशासाठी, नावावरूनच दर का शोधू नये, असा प्रश्न अनेक वैद्यमित्र विचारतात. त्याचे उत्तर आपल्या लिपीतच आहे. एक सहायक ‘अश्वगंधा’ लिहितो, दुसरा ‘अश्वगन्धा’. कुणी ‘सितोपलादि’ ऱ्हस्व लिहितो, कुणी ‘सितोपलादी’ दीर्घ. आपल्या दृष्टीने औषध एकच असते. संगणकाला मात्र ही दोन भिन्न नावे आहेत. शब्दाच्या शेवटी चुकून पडलेली एखादी मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण तेवढ्यानेही जुळणी फसते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नावे तर पडद्यावर देवनागरी दिसतात, परंतु आत रोमन अक्षरेच असतात. नव्या फाइलमधील नावांशी ती कधीच जुळणार नाहीत. याखेरीज महानारायण तैलाची १०० मिलीची आणि २०० मिलीची बाटली नावाने सारखीच. नावावरून शोधले तर यादीत जी ओळ आधी आहे तिचाच दर प्रत्येक वेळी येईल आणि दुसरी बाटली कधीच सापडणार नाही.

संकेतांकाचा आरंभ अक्षराने करावा असे आम्ही सुचवितो : पंचकर्मासाठी P01, P02 आणि औषधांसाठी M101, M102 याप्रमाणे. नुसता 101 हा आकडा एका शीटमध्ये संख्या म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून साठविला गेला, तर दोन्ही ठिकाणी 101 दिसत असूनही संगणक ते जुळवीत नाही. (रकान्याची मांडणी बदललेली नसेल तर संख्या सेलच्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे चिकटतो, ही त्याची खूण.) अक्षराने सुरू होणारा संकेतांक नेहमी मजकूरच राहतो आणि हा प्रश्नच उद्भवत नाही. m101 लिहिले काय आणि M101 लिहिले काय, लहान-मोठ्या लिपीचा भेद ही सूत्रे करीत नाहीत.

एकच संकेतांक दोन ओळींना दिला गेला नाही ना, हे पाहण्यासाठी दरपत्रकाच्या एखाद्या मोकळ्या रकान्यात, दुसऱ्या ओळीपासून, पुढील सूत्र लिहून खाली ओढावे. प्रत्येक ओळीत १ यावा. जेथे २ येईल तेथे संकेतांकाची पुनरुक्ती झाली आहे असे समजावे.

```
=COUNTIF($A:$A,$A2)
```

आता अंदाजपत्रकाची शीट घेऊ. तिला Quote असे नाव द्यावे. तिच्या A रकान्यात आपण केवळ संकेतांक भरणार आणि D मध्ये संख्या. नाव, परिमाण, दर आणि रक्कम हे संगणकाने भरावयाचे. वरच्या पाच ओळी चिकित्सालयाचे नाव, रुग्णाचे नाव व दिनांक यांसाठी सोडल्या, तर बाबी सहाव्या ओळीपासून सुरू होतील. दराच्या म्हणजे E6 या सेलमध्ये पुढील सूत्र लिहावे :

```
=IF($A6="","",VLOOKUP($A6,Rates!$A:$D,4,FALSE))
```

याचा अर्थ असा : A6 रिकामा असेल तर काहीच दाखवू नये, अन्यथा A6 मधील संकेतांक Rates शीटच्या पहिल्या रकान्यात शोधावा आणि तो ज्या ओळीत सापडेल त्या ओळीतील चौथ्या रकान्याची नोंद आणावी. नावासाठी B6 मध्ये हेच सूत्र लिहून 4 च्या जागी 2 करावे आणि परिमाणासाठी C6 मध्ये 3. रकमेच्या F6 मध्ये पुढील सूत्र येईल :

```
=IF($A6="","",D6*E6)
```

ही सूत्रे पंचविसाव्या ओळीपर्यंत खाली ओढावीत आणि एकूण रकमेसाठी =SUM(F6:F25) लिहावे. $ हे चिन्ह अनेकांना निरर्थक वाटते, परंतु ज्यांनी यादीचा पल्ला A2:D200 असा $ विना लिहिला असेल, त्यांच्या सूत्रात पुढच्या ओळीला A3:D201, त्यापुढच्या ओळीला A4:D202 असा पल्ला घसरत जातो. परिणामी बिलाच्या खालच्या ओळींत नेमक्या यादीच्या आरंभीच्या बाबी सापडेनाशा होतात. पहिल्या ओळीत सापडणारे अभ्यंग सातव्या ओळीत सापडत नसेल, तर दोष येथेच आहे असे निश्चित समजावे.

एक उदाहरण पूर्ण पाहू. यातील दर केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. कटिशूलाच्या रुग्णास योगबस्ति द्यावयाचा आहे. एकूण आठ बस्ति. त्यांत अनुवासन पाच आणि निरूह तीन. आठही दिवस स्थानिक अभ्यंग व स्वेदन. दरपत्रकात P01 अभ्यंग ६०० रुपये, P02 स्वेदन २५०, P05 अनुवासन ४०० आणि P06 निरूह ७०० असे दर आहेत. सहायकाने चार संकेतांक आणि त्यांपुढे 8, 8, 5, 3 या संख्या भरल्या की ४,८००, २,०००, २,००० आणि २,१०० अशा रकमा उमटतात व एकूण १०,९०० रुपये येतात. वैद्यांनी निरूहाऐवजी तिक्तक्षीर बस्ति योजावयाचे ठरविले आणि त्याचा P07 दर ८५० असेल, तर केवळ P06 च्या जागी P07 लिहावयाचे. नाव, दर व रक्कम बदलून एकूण ११,३५० होतात. रुग्ण समोर बसलेला असताना हे दोन पर्याय त्याला अर्ध्या मिनिटात दाखविता येतात.

एका शब्दावर सर्व भिस्त

वरील सूत्राच्या शेवटी असलेला FALSE हा शब्द लहान दिसतो, पण सर्व भिस्त त्याच्यावर आहे. ‘तंतोतंत हाच संकेतांक सापडला तरच दर आण’ असा त्याचा अर्थ. तो लिहावयाचा राहिला तर VLOOKUP आपण होऊन TRUE धरते, म्हणजे ‘तंतोतंत नसेल तर त्याच्या अलीकडचा चालेल’. समजा, आपल्या यादीत P02 नंतर एकदम P05 आहे आणि सहायकाने घाईत P03 टाइप केले. FALSE असेल तर त्या ओळीत #N/A उमटेल. FALSE नसेल आणि यादी संकेतांकांच्या क्रमाने लावलेली असेल, तर P02 चा म्हणजे स्वेदनाचा २५० रुपये दर मुकाट्याने येईल. यादी क्रमाने लावलेली नसेल तर कोणत्या ओळीचा दर येईल याचा काही नेमच नाही. कधी बरोबर येईल, कधी नाही. आणि आठवडाभर बरोबर आला म्हणून सूत्र बरोबर आहे असा समज होईल. म्हणून नवे सूत्र लिहिल्यावर P03 सारखा, यादीतील दोन संकेतांकांच्या मध्ये पडणारा पण यादीत नसलेला एखादा संकेतांक मुद्दाम टाइप करून पाहावा. #N/A आले तर सूत्र निर्दोष. दर आला तर सदोष.

TRUE सर्वस्वी निरुपयोगी आहे असे मात्र नाही. टप्प्यांच्या सवलतीसाठी तेच हवे. समजा, आठ बस्तींपासून ५ टक्के, सोळापासून १० आणि तीसपासून १५ टक्के सवलत द्यावयाची आहे (योग, काल व कर्म या चरकोक्त संख्यांवर टप्पे बसविले आहेत एवढेच). Slab नावाच्या शीटमध्ये A2 पासून A5 पर्यंत 1, 8, 16, 30 आणि त्यांसमोर B रकान्यात 0%, 5%, 10%, 15% असे चढत्या क्रमाने लिहावे. अंदाजपत्रकातील H2 या सेलमध्ये बस्तींची एकूण संख्या असेल, तर सवलतीचे सूत्र असे :

```
=VLOOKUP(H2,Slab!$A$2:$B$5,2,TRUE)
```

बस्ति बारा असतील तर यादीत 12 नसल्याने त्याच्या अलीकडचा 8 घेतला जाईल आणि ५ टक्के सवलत लागेल. येथे क्रम चढताच हवा. अशा टप्प्यांखेरीज दर शोधण्यासाठी TRUE कोठेही वापरू नये.

#N/A हे चिन्ह पाहून पुष्कळजण गोंधळतात. ते कुरूप दिसते म्हणून IFERROR वापरून त्याच्या जागी 0 दाखविण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. आम्हास तो मुळीच मान्य नाही. दर सापडला नाही तर एकूण रकमेतही #N/A उमटते आणि बिल पुरे होऊच शकत नाही. हे या सूत्राचे दूषण नसून भूषण आहे. 0 दाखविले तर एकूण रक्कम बिनबोभाट तयार होते आणि एक उपक्रम फुकट दिला जातो. ज्वर दडपून टाकण्यासारखाच हा प्रकार.

एक शून्य मात्र IFERROR विनाही येते. संकेतांक यादीत आहे, परंतु त्याच्या दराचा सेल रिकामा राहिला आहे, अशा वेळी VLOOKUP रिकाम्या सेलबद्दल 0 आणते. त्रुटी दाखवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने संकेतांक सापडलेला असतो. नवीन औषध यादीत चढवून ‘दर नंतर भरू’ असे म्हटले की हे घडते. यावर उपाय बिलात शोधू नये, दरपत्रकात शोधावा : दर निश्चित होईपर्यंत त्या बाबीस संकेतांकच देऊ नये.

रकाना सरकला तर

VLOOKUP मध्ये रकाना क्रमांकाने सांगावा लागतो, आणि हीच त्याची दुर्बलता. दरपत्रक वापरात आल्यावर वर्षभराने कुणास तरी वाटते की औषधांची खरेदी किंमतही येथेच असावी. तो C आणि D यांच्यामध्ये एक नवा रकाना घालतो. एक्सेल सूत्रातील पल्ला समंजसपणे A:E असा वाढवितो, परंतु 4 हा आकडा आपण हाताने लिहिलेला असल्याने तसाच राहतो. आता चौथा रकाना खरेदी किमतीचा आहे. त्या दिवसापासून सर्व औषधे खरेदीच्या किमतीत विकली जाऊ लागतात. औषधांच्या ओळींत कोठेही #N/A नाही, कोठेही शून्य नाही, आणि आकडे इतके शक्य कोटीतील असतात की सहायकास शंकाही येत नाही.

याचा परिहार म्हणजे रकान्यास क्रमांकाने न बोलविता प्रत्यक्ष दाखविणे. त्यासाठी INDEX आणि MATCH ही जोडी वापरावी. ती एक्सेलच्या अगदी जुन्या आवृत्त्यांतही चालते.

```
=IF($A6="","",INDEX(Rates!$D:$D,MATCH($A6,Rates!$A:$A,0)))
```

MATCH संकेतांक कितव्या ओळीत आहे ते सांगते आणि INDEX दराच्या रकान्यातील त्याच ओळीची नोंद देते. शेवटचा 0 हा येथे FALSE चे काम करतो. तो विसरू नये. मध्ये कितीही रकाने घातले तरी D चे E झाल्यावर सूत्रही आपोआप E कडे वळते. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर XLOOKUP हे त्याहून सुटसुटीत सूत्र मिळते. त्यात तंतोतंत जुळणी हीच मूळ पद्धत असल्याने FALSE वा 0 लिहावा लागत नाही. परंतु चिकित्सालयातील एका संगणकावर नवे आणि दुसऱ्यावर एक्सेल २०१६ असेल, तर दुसऱ्या संगणकावर XLOOKUP ऐवजी #NAME? दिसेल. अशा ठिकाणी INDEX व MATCH यांचीच कास धरावी.

दर बदलला, जुन्या बिलाचे काय?

आतापर्यंतचे दोष दक्षतेने टाळता येतात. पुढील दोष मात्र सूत्र पूर्णतः निर्दोष असतानाच उद्भवतो, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सूत्राने आणलेला दर बिलात लिहिलेला नसतो. तो प्रत्येक वेळी दरपत्रकातून नव्याने वाचला जातो. त्यामुळे दरपत्रक बदलले की त्याला जोडलेली सर्व जुनी बिलेही बदलतात.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलले आणि पेटंट-प्रोप्रायटरी आयुर्वेदीय औषधांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करपूर्व किंमत १०० रुपये असलेली बाटली ११२ ऐवजी १०५ रुपयांना झाली असे धरू. ऑगस्टमध्ये एका रुग्णास अशा तीन बाटल्या दिल्या होत्या. छापून दिलेल्या बिलात ३३६ रुपये आहेत. ऑक्टोबरमध्ये तो रुग्ण कार्यालयात खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी बिलाची दुसरी प्रत मागावयास येतो. फाइल उघडली तर त्याच बिल क्रमांकाखाली, त्याच ऑगस्टच्या दिनांकास ३१५ रुपये दिसतात. एकाच क्रमांकाची दोन भिन्न रकमांची बिले कार्यालयात पोहोचली तर संशय रुग्णावर येतो, आणि आपल्या हिशेबाच्या वहीशीही संगणकातील बिल जुळत नाही.

म्हणून बिल रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी ते गोठवावे. बिलाच्या शीटची प्रत करावी, तिच्यातील सर्व सेल निवडून कॉपी करावेत आणि त्याच जागी Paste Special मधून Values निवडावे. सूत्रे निघून जातात व आकडे उरतात. त्या प्रतीस बिल क्रमांकाचे नाव द्यावे, आणि त्याचीच पीडीएफ करून दिनांकाप्रमाणे साठवावी. सूत्रे असलेली मूळ शीट केवळ साचा म्हणून रिकामी राहावी. बिल गोठले की नाही हे पाहणे सोपे आहे : दराच्या सेलवर टिचकी मारली असता वरच्या पट्टीत = ने सुरू होणारे सूत्र न दिसता नुसता आकडा दिसला पाहिजे.

कंपनीने किंमत वाढविली की आणखी एक पेच पडतो. कपाटात जुन्या छापील किमतीच्या चार बाटल्या शिल्लक असतात आणि नव्या किमतीचा माल आलेला असतो. दरपत्रकातील जुना दर पुसून नवा लिहिला तर जुन्या बाटल्या त्यांच्या छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकल्या जातील, आणि ते कायद्याला धरून नाही. अशा वेळी जुनी ओळ तशीच ठेवून नव्या मालास M118A असा स्वतंत्र संकेतांक द्यावा व त्याची चिठ्ठी त्या बाटल्यांच्या कप्प्यावर लावावी. जुना साठा संपल्यावर जुना संकेतांक निवृत्त करावा. तो दुसऱ्या औषधास मात्र पुन्हा कधीही देऊ नये.

अंदाजपत्रकाच्या बाबतीत गोठविण्याचे कारण अधिकच गंभीर आहे. मे महिन्यात आपण रुग्णास १०,९०० रुपये सांगितले, त्याने रजा व पैसे यांची जुळवाजुळव केली आणि जुलैमध्ये तो बस्तीसाठी दाखल झाला. दरम्यान १ जूनपासून अभ्यंगाचा दर ६५० झाला आहे. बिलाने दर दरपत्रकातून आणला तर केवळ अभ्यंगापोटी ४०० रुपये वाढतील. तेव्हा अंदाजपत्रकावर त्याची मुदत स्पष्ट लिहावी, ते त्याच दिवशी गोठवावे, आणि मुदतीत आलेल्या रुग्णाच्या बिलात दर दरपत्रकातून न आणता गोठविलेल्या अंदाजपत्रकातून आणावा. सूत्र तेच, केवळ शोधण्याची जागा निराळी. गोठविलेल्या प्रतीचे नाव Q57 असेल तर बिलाच्या E6 मध्ये असे लिहावे :

```
=IF($A6="","",INDEX('Q57'!$E$6:$E$25,MATCH($A6,'Q57'!$A$6:$A$25,0)))
```

Q57 हे नाव एखाद्या सेलच्या नावासारखे दिसत असल्याने त्याभोवती अवतरणचिन्हे आवश्यक आहेत. ती गाळल्यास एक्सेल सूत्र स्वीकारीत नाही. या पद्धतीत #N/A चा अर्थही बदलतो. उपचार चालू असताना वैद्यांनी शिरोधारा वाढविली आणि सहायकाने तिचा संकेतांक बिलात लिहिला, तर तेथे #N/A उमटेल, कारण ती अंदाजपत्रकात नव्हती. अशा ओळीचा दर रुग्णास किंवा त्याच्या नातेवाइकांस सांगून त्यांची संमती घ्यावी, आणि त्यानंतरच त्या एका ओळीत Rates चे मूळ सूत्र भरावे.